एक पाऊल मागे, पण सलग

सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या जुन्या मॉनिटरवर एखादा गेम अगदी व्यवस्थित चालतो. पुढे १४४ हर्ट्झचा महागडा मॉनिटर येतो, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं, आणि त्याच गेममधला चेंडू अडखळत सरकू लागतो. ग्राफिक्स कार्ड दमदार असतं, फ्रेमचा आकडा १४४ वरून हलत नाही, तरी गचके दिसतात. संशय मॉनिटरवर जातो, पण दोष बहुतेक वेळा गेमच्या आतल्या घड्याळात असतो.

गेममध्ये दोन वेगळी कामं सतत चाललेली असतात. पहिलं काम फिजिक्सचं: चेंडू आता कुठे आहे, किती वेगात आहे, भिंतीला लागला का, याचं गणित. दुसरं काम ते चित्र पडद्यावर रंगवण्याचं. दर चित्रामागे एकदा गणित करावं, ही सर्वांत सोपी पद्धत. मागच्या चित्रानंतर जितका वेळ गेला, तितकं चेंडूला पुढे सरकवायचं. पण मग गणिताचं पाऊल संगणकाच्या वेगानुसार लहानमोठं होतं आणि खेळाचे नियमच बदलतात.

१९९९ सालच्या ‘क्वेक ३ अरेना’ या गेममध्ये हे उघड दिसतं. त्यात गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला वेगातून ८०० एकक वजा करतं, आणि प्रत्येक पावलानंतर वेग पूर्णांकात बसवला जातो. सेकंदाला १२५ फ्रेम चालल्या, तर एक पाऊल ८ मिलिसेकंदांचं होतं. त्या वेळात वेग ६.४ ने घटायला हवा, पण पूर्णांकामुळे तो ६ नेच घटतो. म्हणजे गुरुत्वाकर्षण ८०० ऐवजी ७५० झालं आणि उडी उंच गेली. मुरलेले खेळाडू म्हणूनच मुद्दाम १२५ फ्रेमवर खेळत. पाऊल फार मोठं झालं तर याहून वाईट घडतं: वेगवान गोळी एका पावलात भिंतीच्या अलीकडे असते आणि पुढच्या पावलात पलीकडे. मधे भिंत होती, हे गणिताला कळतच नाही.

यावर उपाय म्हणजे फिजिक्सचं पाऊल कायमचं ठरवून टाकणं. संगणक कोणताही असो, गणित समान अंतरानेच होणार. गोडो इंजिनमध्ये ते मुळात सेकंदाला ६० वेळा होतं, युनिटीत ५० वेळा, तर माइनक्राफ्टचं जग सेकंदाला फक्त २० वेळा पुढे सरकतं. नियम पक्के झाले, पण गचके इथूनच सुरू होतात.

एक चेंडू सेकंदाला ७२० पिक्सेल या वेगाने उजवीकडे चाललाय असं समजा. फिजिक्स सेकंदाला ६० वेळा होतं, म्हणून प्रत्येक पावलाला तो १२ पिक्सेल पुढे जातो. पडदा १४४ हर्ट्झचा आहे, म्हणून प्रत्येक चित्रात तो ५ पिक्सेल पुढे दिसायला हवा. प्रत्यक्षात एका पावलाच्या वाट्याला २.४ चित्रं येतात, आणि चित्राचे तुकडे करता येत नाहीत. त्यामुळे चेंडू एका जागी तीन चित्रं थांबतो, पुढच्या जागी दोन, मग तीन, दोन, दोन, आणि पुन्हा तेच. चित्रागणिक त्याची जागा अशी दिसते: ०, ०, ०, १२, १२, २४, २४, २४, ३६. वेग एकसारखा असूनही थांबण्याचा काळ कमीजास्त होतो, आणि सरकत्या वस्तूचा माग काढणाऱ्या डोळ्याला तेवढा फरक पुरतो. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक जागा बरोबर दोनदा दिसते, त्यामुळे ताल बिघडत नाही. पण चेंडूची कड दुहेरी भासते आणि पडद्याची निम्मी क्षमता फुकट जाते.

मग गणित १४४ वेळा करावं का? तसं केलं तर उद्या १६५ हर्ट्झचा पडदा येईल, परवा २४० चा. रूढ झालेला मार्ग वेगळा आहे. ग्लेन फीडलर यांनी २००४ साली लिहिलेल्या ‘फिक्स युअर टाइमस्टेप!’ या लेखातून तो अनेक गेम प्रोग्रामरांपर्यंत पोचला. त्याचा गाभा एवढाच:

```
accumulator += min(frameTime, 0.25);
while (accumulator >= dt) {
    previous = current;
    step(current, dt);
    accumulator -= dt;
}
alpha = accumulator / dt;
draw(previous * (1 - alpha) + current * alpha);
```

गेलेला वेळ `accumulator` मध्ये साठतो. त्यात एक पूर्ण पाऊल मावेल इतका वेळ जमला की गणित एकदा होतं आणि तेवढा वेळ वजा होतो. शेवटी पावलाहून कमी वेळ शिल्लक उरतो. ती शिल्लक पावलाच्या किती हिस्सा आहे, ते `alpha` सांगतो. चेंडूची मागची आणि आताची अशा दोन्ही जागा जपून ठेवलेल्या असतात. चित्र काढताना चेंडू या दोन जागांच्या मधे, त्या हिश्शानुसार ठेवला जातो. यालाच इंटरपोलेशन म्हणतात.

आपल्या चेंडूवर हे लावून पाहू. एका चित्राच्या वेळी मागची जागा ०, आताची १२ आणि शिल्लक दोन तृतीयांश आहे. चेंडू ८ वर दिसतो. पुढच्या चित्रापर्यंत एक पाऊल पडलेलं असतं, जागा १२ आणि २४, शिल्लक बाराव्या हिश्शाएवढी. चेंडू १३ वर. त्यापुढच्या चित्रात १८. दर चित्राला बरोबर ५ पिक्सेल. फिजिक्स अजूनही ६० वेळाच होतंय.

याची किंमत मोजावी लागते. पडद्यावरचा चेंडू खऱ्या गणिताच्या एक पाऊल, म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद, मागे असतो. ही दिरंगाई टाळायला चेंडू पुढे कुठे असेल याचा अंदाजही बांधता येतो. पण समोर भिंत असली तर तो क्षणभर भिंतीत घुसलेला दिसतो आणि मग झटक्याने मागे येतो. म्हणून बहुतेक जण थोडा उशीर पत्करतात. माउसने नजर फिरवण्यासारख्या क्रिया मात्र यातून वगळून दर चित्राला थेट लागू करतात, कारण तिथला उशीर हाताला लगेच जाणवतो.

चुका होतात त्या ठरावीक जागी. पात्राला एका दारातून दूरच्या दुसऱ्या दारात टाकलं आणि मागची जागा बदलायची राहिली, तर ते क्षणभर दोन्ही दारांच्या मधल्या हवेत तरंगताना दिसतं. चाक ३५० अंशांवरून १० अंशांवर आलं की साधी सरासरी त्याला उलट्या दिशेने लांबचा फेरा घालायला लावते. पात्र इंटरपोलेशनने सरकतंय आणि कॅमेरा मात्र कच्च्या फिजिक्सच्या जागेमागे धावतोय, असं झालं तर पात्रच थरथरल्यासारखं वाटतं. कोडमधली ०.२५ ची मर्यादाही विसरून चालत नाही. गणितालाच पावलाहून जास्त वेळ लागू लागला, तर थकलेली पावलं भरून काढताना आणखी पावलं थकतात आणि गेम गोठतो. मर्यादा असली की एका फेरीत किती पावलं भरायची याला आळा बसतो आणि गेम हळू का होईना, चालत राहतो.

युनिटीत `Rigidbody` ची `Interpolate` ही सोय मुळात बंद असते, ती चालू करावी लागते. ती नीट बसली का, हे तपासायला फिजिक्सचा वेग मुद्दाम सेकंदाला १० पावलांवर आणावा. उडी मारायला उशीर लागेल, टक्कर ओबडधोबड होईल, पण सरळ जाणारी प्रत्येक वस्तू सलग सरकायला हवी. जी गचके खात असेल, ती अजून कच्च्या जागेवरून रंगवली जातेय.