दहा फायबर, एक फोटो

समजा, ग्लास फायबर कॉम्पोझिटचा तुकडा कापून पॉलिश केलाय आणि मायक्रोस्कोपखाली फोटो काढलाय. फोटोत पूर्ण दिसणारे फायबर फक्त १०. त्यांचे व्यास मायक्रॉनमध्ये असे आले: १२.१, १३.४, १२.८, १४.२, ११.९, १३.०, १३.७, १२.५, १४.६, १२.८. सरासरी १३.१. फरकांच्या वर्गांची बेरीज ६.९०, तिला ९ ने भागून वर्गमूळ काढलं की स्टँडर्ड डेव्हिएशन ०.८८.

हॉस्टेलवर कुणीतरी लगेच म्हणणार, "एकच्या आत आहे ना, मग झालं!" पण थांबा. हा आकडा या दहा फायबरांचा आहे. सगळ्या मटेरियलचा सिग्मा किती, हे आपल्याला हवंय.

व्यास नॉर्मल असतील, तर ती ६.९० ची बेरीज भागिले सिग्माचा वर्ग ही राशी ९ डिग्रीज ऑफ फ्रीडमच्या काय-स्क्वेअरप्रमाणे वागते. टेबलमध्ये मधल्या ९५ टक्क्यांची टोकं २.७०० आणि १९.०२३ अशी मिळतात. एक्सेलमध्ये:

```
=CHIINV(0.975,9)
=CHIINV(0.025,9)
```

आता गंमत बघा. मोठ्या संख्येने भागलं की खालची मर्यादा मिळते: ६.९० भागिले १९.०२३, वर्गमूळ ०.६०. छोटीने भागलं की वरची: १.६०. (परीक्षेत हमखास इथेच उलटापालट होते.) ०.८८ पासून खाली ०.२८, पण वर ०.७२. म्हणजे "प्लस-मायनस अमुक" असं लिहिताच येत नाही. कारण काय-स्क्वेअर एका बाजूला कललेला असतो: खरा सिग्मा बराच मोठा असूनही दहा नगांत योगायोगाने कमी पसारा दिसू शकतो. तेव्हा "एकच्या आत" हे सिद्ध झालेलंच नाही. ४१ फायबर मोजून तेच ०.८८ आलं असतं, तरी वरची मर्यादा १.१२ राहिली असती!

फोटोची स्वतःची भानगड वेगळी. तिरका कापलेला फायबर लंबगोल दिसतो. त्याची छोटी अक्षच मोजायची, नाहीतर पसारा उगाच फुगतो. फोकस नीट नसेल तर कडा पुसट होतात, म्हणून एकच फायबर पाच-सहा वेळा मोजून बघावा. त्या मोजण्यांचाच पसारा ०.३-०.४ मायक्रॉन येत असेल, तर ०.८८ मधला काही भाग फायबरचा नसून आपल्या माउसचा आहे. शिवाय शेजारचे दहा फायबर एकाच गुच्छातले असू शकतात. म्हणून दहा जागी दहा फोटो घेऊन प्रत्येकातून एकच उचललेला बरा.

नॉर्मल असण्याची अटही इथे कडक आहे. सरासरीच्या टी-इंटरव्हलला नमुना वाढला की वाकडं वितरण चालून जातं. या इंटरव्हलला नाही. शेपट्या जाड असतील, तर हजार फायबर मोजले तरी ९५ टक्के हे ९५ राहत नाहीत.