समजून घ्या : चौरसाच्या चार कोपऱ्यांत पाव वर्तुळं, मधल्या रंगवलेल्या भागाचं क्षेत्रफळ कसं काढतात?

उत्तर दोन ओळींत येतं. पण ती वजाबाकी कधी चालते आणि कधी फसते, हे प्रश्नातल्या एका वाक्यावर ठरतं.

दहावीच्या भूमितीत ही आकृती अनेकदा भेटते. एक चौरस, त्याच्या प्रत्येक कोपऱ्यात पाव वर्तुळ आणि मध्ये उरलेला चार टोकांचा, ताऱ्यासारखा रंगवलेला भाग. त्या भागाचं क्षेत्रफळ काढायचं असतं. या ताऱ्यासाठी वेगळं सूत्र कुठल्याच पुस्तकात नाही. त्यामुळे सूत्र माहीत असलेल्या आकृत्यांची वजाबाकी करूनच तिथे पोहोचावं लागतं.

प्रश्न नेमका काय आहे?

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात अनेक वर्षं असलेलं एक उदाहरण घेऊया. चौरसाची बाजू १४ सेमी आहे. चारही शिरोबिंदू केंद्र मानून चार वर्तुळं काढली आहेत. प्रत्येक वर्तुळ उरलेल्या तिघांपैकी दोघांना बाहेरून स्पर्श करतं. रंगवलेल्या भागाचं क्षेत्रफळ किती?

यात त्रिज्या दिलेलीच नाही. ती ‘बाहेरून स्पर्श करतं’ या शब्दांत दडलेली आहे. शेजारच्या दोन शिरोबिंदूंवरची, सारख्या त्रिज्येची वर्तुळं एकमेकांना टेकतात, म्हणजे दोन त्रिज्या मिळून चौरसाची एक बाजू होते. म्हणून त्रिज्या १४ ÷ २ = ७ सेमी.

उत्तर कसं काढायचं?

प्रत्येक वर्तुळाचा फक्त पाव भाग चौरसाच्या आत येतो, कारण चौरसाचा कोन ९० अंशांचा आहे आणि ९० हा ३६० चा चौथा हिस्सा आहे. चारही त्रिज्या सारख्या असल्यामुळे चार पाव तुकडे जोडले की ७ सेमी त्रिज्येचं एक पूर्ण वर्तुळ तयार होतं.

चौरसाचं क्षेत्रफळ = १४ × १४ = १९६ चौ. सेमी
चार पाव वर्तुळं = २२/७ × ७ × ७ = १५४ चौ. सेमी
रंगवलेला भाग = १९६ − १५४ = ४२ चौ. सेमी

एका पाव वर्तुळाचं क्षेत्रफळ ३८.५ काढून त्याला चारने गुणलं, तरी उत्तर तेच येतं. मात्र चारही त्रिज्या वेगवेगळ्या दिल्या असतील, तर पूर्ण वर्तुळाचा हा जवळचा रस्ता बंद होतो आणि चार तुकडे स्वतंत्रपणे काढावे लागतात.

वजाबाकी फसते कधी?

आता बाजू १४ सेमीच ठेवूया, पण त्रिज्या ७.५ सेमी करूया. नेहमीची वजाबाकी केली, तर वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे १७६.७ येतं आणि उत्तर १९.३ चौ. सेमी मिळतं. उत्तर दिसायला ठीकठाक आहे, पण चूक आहे.

कारण दोन त्रिज्यांची बेरीज आता १५ सेमी झाली आणि बाजू १४ सेमीच आहे. प्रत्येक बाजूच्या मध्यावर शेजारची दोन पाव वर्तुळं एकमेकांवर चढतात. तो चढलेला तुकडा आपण एकदा पहिल्या वर्तुळाबरोबर वजा केला आणि पुन्हा दुसऱ्याबरोबर. दोनदा गेलेला तुकडा एकदा परत मिळवायला हवा. असे चार तुकडे आहेत आणि ते मिळून सुमारे ७.२ चौ. सेमी भरतात. म्हणजे खरं उत्तर २६.५ चौ. सेमीच्या आसपास आहे. हे तुकडे मोजायला सुमारे २१ अंशांचा कोन त्रिकोणमितीने काढावा लागतो, म्हणून शालेय प्रश्नात सहसा ही वेळ येऊ देत नाहीत.

‘चूक असेल तर उत्तर ऋण येईल, लगेच कळेल,’ असं वाटू शकतं. पण तसं प्रत्येक वेळी होत नाही. १४ सेमीच्या चौरसात त्रिज्या साधारण ७.९ सेमी होईपर्यंत ही वजाबाकी धन उत्तरच देत राहते. त्यामुळे ७ ते ७.९ या टप्प्यात चूक उत्तरावरून ओळखू येत नाही. तपासणी आधीच करावी लागते: त्रिज्येची दुप्पट बाजूपेक्षा जास्त तर नाही ना? ‘बाहेरून स्पर्श’ हे शब्द त्रिज्या देतातच, शिवाय वर्तुळं एकमेकांवर चढलेली नाहीत याची हमीही देतात.

परिमितीही अशीच काढायची का?

नाही. त्याच आकृतीत रंगवलेल्या भागाची परिमिती विचारली, की काही जण चौरसाच्या ५६ सेमीतून वर्तुळाचा ४४ सेमी परीघ वजा करून १२ लिहितात. क्षेत्रफळातून तुकडा काढला की क्षेत्रफळ कमी होतं, पण कडेचं तसं नसतं. जुनी कड जाते आणि कापलेली नवी कड तयार होते. इथे प्रत्येक बाजूचे ७ + ७ सेमी पाव वर्तुळांच्या वाट्याला गेले आहेत, त्यामुळे चौरसाची कड रंगवलेल्या भागाला फक्त बाजूंच्या मध्यबिंदूंवर टेकते. ताऱ्याभोवती आहेत ते चार कंस. त्यांची एकूण लांबी एका पूर्ण परिघाएवढी, म्हणजे ४४ सेमी.

२२/७ घ्यायचं की ३.१४?

प्रश्नात जे दिलं असेल तेच. ३.१४ घेतलं तर वर्तुळ १५३.८६ आणि उत्तर ४२.१४ येतं. π ची जास्त अचूक किंमत घेतली तर ते सुमारे ४२.०६ असतं. २२/७ मधली चूक ०.०४ टक्के एवढीच आहे, पण उत्तरात ती सुमारे ०.१५ टक्के होते. मोठ्या संख्येतून मोठी संख्या वजा करून लहान संख्या उरली, की चूक तेवढीच राहते आणि उत्तराच्या मानाने मोठी दिसते.

हा तारा प्रत्यक्षात कुठे दिसतो?

पत्र्यातून गोल चकत्या कापणाऱ्या वर्कशॉपमध्ये. चकत्या सरळ ओळी-रांगांत, एकमेकींना टेकवून आखल्या आहेत असं समजा. शेजारच्या चार चकत्यांचे केंद्रबिंदू जोडले, की आपलाच चौरस मिळतो. कोपऱ्यांत चार पाव चकत्या आणि मध्ये तारा. तो तारा म्हणजे भंगारात जाणारा पत्रा. १९६ पैकी ४२ म्हणजे सुमारे २१.४ टक्के. चकती लहान घेतली किंवा मोठी, हे प्रमाण बदलत नाही.

प्रत्यक्ष कापताना दोन चकत्यांमध्ये थोडी जागा सोडावी लागते. समजा ती ४ मिमी आहे. मग चौरसाची बाजू १४.४ सेमी होते, त्रिज्या ७ सेमीच राहते आणि तीच वजाबाकी २०७.३६ − १५४ = ५३.३६ चौ. सेमी भंगार दाखवते. हे प्रमाण सुमारे २५.७ टक्के आहे. उलट, दुसरी रांग अर्ध्या चकतीने सरकवून पहिलीच्या खाचांत बसवली आणि चकत्या टेकलेल्या ठेवल्या, तर मोठ्या पत्र्यावर, कडा सोडून, वाया जाणारा भाग ९.३ टक्क्यांपर्यंत खाली येतो. त्या मांडणीत केंद्रबिंदू जोडले की चौरसाऐवजी समभुज त्रिकोण मिळतो आणि त्याच्या तीन कोपऱ्यांत वर्तुळाचे ६० अंशांचे तुकडे असतात. वजाबाकीची रीत मात्र हीच.