विवरणपत्राची फी: सीए नेमके कशाचे पैसे घेतात?

गैरसमज: उत्पन्न जास्त, तर फी जास्त.
वस्तुस्थिती: फी ठरते ती नोंदींच्या गुंतागुंतीवर. समजा, एका बहिणीचा पगार २४ लाख, नोकरी एकच आणि बँकेचे थोडे व्याज. फॉर्म १६ वार्षिक माहिती विवरणाशी ताडून पाहिला की बरेचसे काम झाले. धाकटीचा पगार ९ लाखच, पण तिने वर्षात नोकरी बदलली आणि फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार केले. हे व्यवहार व्यवसायाचे उत्पन्न धरले जातात, म्हणून तिला आयटीआर-३ भरावा लागतो. उलाढाल काढायची, नफा-तोट्याचा हिशेब मांडायचा, दोन फॉर्म १६ एकत्र करायचे. दोन्ही कंपन्यांनी प्रमाणित वजावट स्वतंत्रपणे धरली असेल, तर राहिलेला करही भरायचा. थोरलीपेक्षा धाकटीची फी जास्त असणे रास्तच आहे.

गैरसमज: ठरावीक फी नेहमीच स्वस्त पडते.
वस्तुस्थिती: कामाचा आवाका आधीच दिसत असेल, तर ठरावीक फी सोयीची. जुनी कागदपत्रे शोधायची असतील, तर तासांचा हिशेब निघतो. समजा, दर तासाला १,५०० रुपये आहे. ब्रोकरकडून वर्षाचे एकत्रित करविवरण आणून दिले आणि काम दोन तासांत झाले, तर ३,००० रुपये होतील. सुट्या कॉन्ट्रॅक्ट नोटांचा गठ्ठा दिला आणि पाच तास लागले, तर ७,५००. तासांवर काम देताना कमाल मर्यादा ठरवून घ्या.

गैरसमज: सांगितलेल्या फीत सगळे आले.
वस्तुस्थिती: साध्या फीत बहुधा विवरणपत्र तयार करणे, दाखल करणे आणि ई-पडताळणीपर्यंतची मदत येते. नोटिशीला उत्तर, सुधारित विवरणपत्र आणि लेखापरीक्षण यांचे पैसे बहुधा वेगळे लागतात. सीए जीएसटी नोंदणीकृत असतील, तर फीवर १८ टक्के जीएसटी येतो. म्हणजे ४,००० चे बिल ४,७२० होते. मुदत चुकल्यावरचे विलंबशुल्क मात्र सरकारकडे जाते. ते सीएंच्या बिलात फी म्हणून दिसले, तर चलन मागा.

गैरसमज: परताव्याच्या टक्क्यांवर फी दिली, की सीए जास्त मेहनत घेतात.
वस्तुस्थिती: विवरणपत्राच्या कामासाठी अशी टक्केवारी घेणे सीएंच्या आचारसंहितेत बसत नाही. परतावा फुगवण्यासाठी खोटी वजावट दाखवली, तर कर, व्याज आणि दंड करदात्यालाच भरावा लागतो, कारण विवरणपत्र त्याच्या नावाने जाते. कोणी टक्केवारी मागितली, तर काम देऊ नका.

कागद देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्या: कोणता फॉर्म भरणार, फीत काय येते आणि सीएंच्या चुकीमुळे नोटीस आली तर दुरुस्तीचे पैसे लागतील का. दोन सीएंच्या फीची तुलना या तीन उत्तरांसकटच करा.