कॅम्पस भरतीचे निमंत्रण कसे लिहावे?

अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या कॅम्पस भरतीची सुरुवात कंपनीने प्लेसमेंट सेलला पाठवलेल्या पत्राने होते. पत्र जाते ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसरच्या, म्हणजे टीपीओच्या नावाने, पण त्याचे खरे वाचक अंतिम वर्षाचे विद्यार्थी असतात. टीपीओ बहुधा त्यातला मजकूर जसाच्या तसा विद्यार्थ्यांपर्यंत पोचवतो आणि थोड्याच दिवसांत इच्छुकांची नावे मागवतो. पत्रात जे लिहायचे राहिले, त्याची उत्तरे मग भरतीच्या दिवशी, ऐन मुलाखतीच्या टेबलावर द्यावी लागतात.

उदाहरणादाखल चाकण परिसरातली, वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी घेऊ. तिला ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनीच्या १२ जागा भरायच्या आहेत. पत्रात नुसते ‘मेकॅनिकल इंजिनिअर हवेत’ एवढेच लिहिले, तर डिझाइनची स्वप्ने पाहणारेही अर्ज करतात आणि शॉप फ्लोअरवर तीन पाळ्यांत उभे राहायचे आहे हे कळल्यावर माघार घेतात. त्यापेक्षा ८ जागा उत्पादन विभागात आणि ४ गुणवत्ता तपासणीत, पहिले वर्ष प्रशिक्षणाचे, रात्रपाळी आळीपाळीने, कामाचे ठिकाण चाकण, कंपनीची बस आणि कॅन्टीन आहे, असे थेट सांगितले की अर्ज कमी येतात, पण जे येतात ते टिकणारे असतात. प्रशिक्षणानंतर ठरावीक काळ नोकरी सोडता येणार नाही असा बाँड असेल, तर त्याची मुदत आणि रक्कमही इथेच सांगायला हवी. बाँड नेमणूकपत्रात पहिल्यांदा दिसला, तर पुढच्या वर्षी त्या महाविद्यालयाचे दार उघडणे अवघड जाते.

पगाराचा आकडा हा सर्वांत जास्त गैरसमजाचा भाग. समजा, कंपनीने वर्षाला ४ लाख २० हजारांचे सीटीसी जाहीर केले. विद्यार्थी १२ ने भाग देऊन महिना ३५ हजार धरतो आणि घरीही तेच सांगतो. मूळ वेतन निम्मे, म्हणजे महिना १७,५०० असेल, तर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्के वाटा वर्षाला २५,२०० होतो. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्क्यांनी साधारण १०,१०० आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम ३० हजार धरली, तर हे सारे त्या ४ लाख २० हजारांतच मोजलेले असते. उरतात महिना साधारण साडेएकोणतीस हजार. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा आणि व्यवसायकर गेला की हातात येतात सुमारे २७ हजार. हा शेवटचा आकडा पत्रात असणे हाच प्रामाणिकपणा आहे.

पात्रतेच्या अटी लिहिताना दोन चुका नेहमी होतात. ‘दहावी, बारावी आणि पदवीला ६० टक्के’ असे छापील वाक्य टाकले की पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेले विद्यार्थी बाहेर पडतात, कारण त्यांनी बारावी केलेलीच नसते. शॉप फ्लोअरची ओळख पदविकेतच झालेली हीच मुले या कामाला अनेकदा अधिक योग्य असतात. म्हणून ‘बारावी किंवा पदविका’ असे लिहावे. दुसरी चूक गुणांकाची. ६ सीजीपीए म्हणजे ६० टक्के असे सरसकट धरता येत नाही. एआयसीटीईच्या तक्त्यात ६० टक्क्यांना ६.७५ गुणांक दिला आहे, तर विद्यापीठांची स्वतःची सूत्रे वेगळी असू शकतात. ‘संबंधित विद्यापीठाच्या सूत्रानुसार’ एवढे शब्द जोडले की वाद मिटतो. बॅकलॉगबद्दलही स्पष्टता हवी: सध्या एकही विषय राहिलेला नसावा, की पूर्वी राहून सुटलेलाही चालणार नाही? दुसरी अट कितीतरी कठोर आहे आणि या पदासाठी तिची गरज क्वचितच असते.

निवडप्रक्रियेत टप्प्यांचा क्रम सांगावा: कंपनीची माहिती, तासाभराची अभियोग्यता आणि तांत्रिक विषयांची लेखी चाचणी, तांत्रिक मुलाखत, मग एचआर मुलाखत. चाचणीत मापन, ड्रॉइंग वाचन, उत्पादन प्रक्रिया असे विषय असतील तर तेही कळवावे. समजा १५० जण चाचणीला बसले आणि ४० मुलाखतीपर्यंत पोचले. प्रत्येकी २० मिनिटे धरली तर एका पॅनेलला तेरा तासांहून अधिक वेळ लागेल, म्हणून किमान दोन पॅनेल आणि तितक्या खोल्या आधीच मागून ठेवाव्या लागतात.

तारीख मागताना सेलचे नियमही विचारून घ्यावेत. बऱ्याच महाविद्यालयांत एका विद्यार्थ्याला एकच नोकरी, असा नियम असतो. ठरावीक पगारापुढच्या ‘ड्रीम’ कंपनीसाठीच तो शिथिल होतो. सातव्या सत्राच्या सुरुवातीला मोठ्या कंपन्या येऊन गेल्यावर यादीत कोण उरले आहे, हे त्यावरून कळते. निकाल त्याच दिवशी लावणार की आठवड्याने, हेही लिहावे, कारण निकाल लटकला की निवड न झालेल्यांना पुढच्या कंपनीला बसता येत नाही. शेवटी रुजू होण्याचा महिना आणि नेमणूकपत्र कशावर अवलंबून आहे ते नमूद करावे: अंतिम वर्षाचा निकाल आणि वैद्यकीय तपासणी.