दोन मिनिटांत सांगायचा कोकणप्रवास

परीक्षक टेबलावरून एक छापील कार्ड पुढे सरकवतो, सोबत कोरा कागद आणि पेन्सिल देतो आणि एक मिनिट विचार करायला सांगतो. कार्डावर असतं: तुमच्या कायम लक्षात राहिलेल्या एका प्रवासाबद्दल सांगा. खाली चार छोट्या सूचना असतात. कुठे गेलात, कशाने गेलात, कशासाठी गेलात आणि शेवटी, हा प्रवास लक्षात का राहिला ते स्पष्ट करा. मिनिट संपलं की उमेदवाराने एकट्याने बोलायचं, एक ते दोन मिनिटं. दोन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतो, मग वाक्य अर्धं असलं तरी.

ही ‘आयेल्ट्स’ या इंग्रजी परीक्षेतली तोंडी चाचणी. परदेशी शिकायला जाणारे विद्यार्थी आणि तिकडच्या रुग्णालयांत नोकरी शोधणाऱ्या परिचारिका मोठ्या संख्येने ती देतात. चाचणी तीन भागांची, सगळी मिळून ११ ते १४ मिनिटांची. कार्डाचा हा मधला भाग सर्वांत जास्त धास्तीचा, कारण एरवी प्रश्न विचारून आधार देणारा समोरचा माणूस इथे गप्प बसून ऐकतो. म्हणूनच ‘आदर्श उत्तरां’ना एवढी मागणी आहे. काही उमेदवार स्वित्झर्लंडच्या बर्फाचं किंवा दुबईच्या उंच इमारतींचं तयार वर्णन घोकून जातात आणि तिथेच फसतात. घोकलेल्या भागात जीभ भरभर चालते. त्यानंतर परीक्षकाने सहज एखादा प्रश्न विचारला की वेग, शब्द, उच्चार सगळंच बदलतं. परीक्षकाला हा सांधा लगेच ऐकू येतो.

मुळात प्रवास किती लांबचा, किती थरारक, याला गुणच नाहीत. गुण चार गोष्टींना आहेत: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. चारही गोष्टींचं वजन सारखं. त्यामुळे आपल्याला बारीकसारीक तपशिलासह आठवणारा प्रवास हाच उत्तम विषय ठरतो. आठवण पक्की असली की पुढचं वाक्य शोधत बसावं लागत नाही.

समजा, मुंबईत नोकरी करणारी कुडाळची एक परिचारिका परीक्षेला बसली आहे. तिने गणपतीला गावी जाताना केलेला रात्रीचा रेल्वेप्रवास निवडला. मुसळधार पावसात संगमेश्वर सुटलं, पुढे रुळांवर माती आली आणि गाडी उक्षीच्या लहानशा स्थानकात चार तास उभी राहिली. पहाटे डब्यातल्या लोकांनी फलाटावर उतरून आरती म्हटली. गोष्ट एवढीच. दोन मिनिटांना ती पुरून उरते.

तयारीच्या मिनिटात ती वाक्यं लिहीत नाही. वाक्य लिहायला घेतलं की दोनच ओळी होतात आणि वेळ संपतो. तिच्या कागदावर फक्त शब्द आहेत: ‘गणपती, पहिल्यांदा एकटी’, ‘उक्षी, चार तास’, ‘पाणी संपलं, झांजा’, ‘आजी दारात’. पहिल्या तीन सूचना ती अर्ध्या मिनिटात उरकते, कारण कुठे, कशाने आणि कशासाठी यांची उत्तरं दोन-दोन वाक्यांची असतात. चौथ्या सूचनेत ‘स्पष्ट करा’ म्हटलं आहे आणि खरं बोलणं तिथेच आहे. चारही सूचनांना सारखा वेळ वाटून देणारा उमेदवार पाऊण मिनिटात कोरडा पडतो.

तिचं उत्तर साध्या वाक्याने सुरू होतं: ‘आय वेंट होम टू कुडाळ फॉर गणेश चतुर्थी, अँड इट वॉज द फर्स्ट टाइम आय हॅड ट्रॅव्हल्ड अलोन.’ एका वाक्यात गाव, कारण आणि वेगळेपण आलं. कुडाळ कुठे आहे, हे परीक्षकाला ठाऊक नसणार. म्हणून ती लगेच जोडते की हे मुंबईच्या दक्षिणेला, किनारपट्टीजवळचं छोटं शहर आहे आणि या सणाला घरचे सगळे तिथे जमतात.

मराठी माणसाची एक सवय याच टप्प्यावर नडते. ‘मी गेल्या वर्षी गावी गेले होते’ हे आपलं रोजचं वाक्य. ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं की ‘आय हॅड गॉन टू माय व्हिलेज लास्ट इयर’ असं होतं. इंग्रजी ऐकणारा मग वाट पाहतो, की कशाच्या आधी गेली होती? ते कधी येतच नाही. घटना सांगायला ‘आय वेंट’ पुरे. ‘हॅड’ राखून ठेवायचं ते एका घटनेच्या आधी दुसरी घडून गेली असेल तिथे. उक्षीचा प्रसंग त्यासाठी अगदी योग्य आहे: ‘बाय द टाइम द ट्रेन मूव्ह्ड अगेन, वी हॅड रन आउट ऑफ वॉटर.’ आधी पाणी संपलं, नंतर गाडी हलली. क्रम क्रियापदातूनच कळला. आणि मागे काय चाललं होतं ते सांगायला: ‘इट वॉज पोअरिंग, अँड सम मेन वर सिंगिंग ऑन द प्लॅटफॉर्म.’ एकाच गोष्टीत भूतकाळाची तीन रूपं आली, तीही ओढूनताणून न आणता. व्याकरणाची विविधता परीक्षक शोधतो ती अशी.

शब्दांचंही तेच. ‘ब्यूटिफुल’, ‘नाइस’, ‘मेमोरेबल’ ही विशेषणं पुन्हा पुन्हा आली की उत्तर सपाट होतं. ‘द पीपल वर व्हेरी हेल्पफुल’ म्हणण्याऐवजी ती सांगते की समोरच्या बाकावरच्या बाईने आपल्या डब्यातली भाकरी तोडून अर्धी तिच्या हातात ठेवली. यासाठी अवघड शब्द लागत नाहीत, पण ऐकणाऱ्याला चित्र दिसतं. ‘आरती’सारखा शब्द बेलाशक वापरावा, पाठोपाठ चार शब्दांत अर्थ सांगावा, अडलेला शब्द दुसऱ्या शब्दांत समजावणं हे कौशल्यच मानलं जातं.

आणि तरीही सव्वा मिनिटात बोलणं संपलं तर? ‘दॅट्स ऑल’ म्हणून थांबू नये. सर्वांत सोपी वाट म्हणजे तेव्हाची आणि आताची तुलना. ‘बिफोर दॅट, आय यूज्ड टू पॅनिक व्हेनेव्हर अ ट्रेन वॉज लेट’ असं म्हणून, आता उशीर झाला की काय वाटतं ते सांगायचं. वीस-पंचवीस सेकंद सहज भरतात आणि चौथ्या सूचनेचं उत्तरही भक्कम होतं.

दोन मिनिटांनी परीक्षकाने मधेच थांबवलं तर तो अपयशाचा इशारा नाही. वेळ संपली, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर तो एखादा छोटा प्रश्न विचारतो, जसं की पुन्हा त्या मार्गाने जायला आवडेल का. त्याला एक-दोन वाक्यं पुरतात. पुढे तिसरा भाग लागतो आणि तिथे विषय प्रवासाचाच राहिला तरी प्रश्न समाजाचे होतात: लोक पूर्वीपेक्षा जास्त का फिरतात, रेल्वे की विमान. इथे परिचारिकेने उक्षीची गोष्ट पुन्हा सुरू करायची नाही. ‘माझ्या प्रवासात’ऐवजी ‘शहरात कामाला आलेली माणसं सणाला गावी जातात, म्हणून’ अशी सुरुवात करायची, मत द्यायचं आणि त्यामागचं कारण सांगायचं.