दोघांची मिळून एकच कुंडली

गुणमेलनात आपण दोन कुंडल्या शेजारी ठेवतो आणि वधूवरांच्या चंद्रांवरून छत्तीसपैकी किती गुण जुळले ते पाहतो. पाश्चात्त्य ज्योतिषातली संयुक्त कुंडली निराळ्या वाटेने जाते. ती दोघांच्या ग्रहांचे मध्यबिंदू काढून एक तिसरीच कुंडली मांडते. ही कुंडली त्याचीही नसते आणि तिचीही नसते, ती त्या नात्याची असते. रॉबर्ट हँड यांच्या 1975 सालच्या पुस्तकामुळे ही पद्धत घरोघरच्या अभ्यासकांपर्यंत पोचली.

या कुंडलीत जोडप्याचा भावनिक सूर पाहायचा तर आधी चंद्र आणि शुक्र पाहतात. दोघं एकत्र असताना मन कशाने निवतं आणि कशाने दुखावतं, हे चंद्र सांगतो असं मानतात. प्रेम कोणत्या रीतीने व्यक्त होतं आणि एकमेकांच्या सहवासात गोडी कशाची वाटते, हा शुक्राचा प्रांत. माझ्या मते खरी गोष्ट या दोघांमधल्या अंतरात असते. नात्याला हवं असतं एक आणि ते दाखवतं दुसरंच, असं पुष्कळदा दिसतं.

ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स आणि डायना यांचं उदाहरण घेऊ. चार्ल्स यांचा जन्म 14 नोव्हेंबर 1948 चा आणि डायनाचा 1 जुलै 1961 चा. सायन गणिताने चार्ल्स यांचा चंद्र वृषभेच्या अगदी आरंभी, म्हणजे राशिचक्राच्या साधारण 30 अंशांवर येतो, आणि डायनाचा कुंभेत, 325 अंशांवर. जवळच्या बाजूने मोजलं तर दोघांत 65 अंशांचं अंतर आहे. त्याचा अर्धा भाग 325 मध्ये मिळवला की संयुक्त चंद्र मीनेच्या 27 अंशांच्या पुढे येतो. शुक्र चार्ल्स यांचा तुळेत 196 अंशांवर आणि डायनाचा वृषभेत 54 अंशांवर. त्यांचा मध्य 125, म्हणजे सिंहेचा पाचवा अंश.

इथे एक खाच आहे. वर्तुळावर दोन बिंदूंचे मध्य दोन निघतात, एक जवळचा आणि एक समोरचा. सहसा जवळचा घेतात, पण शुक्राच्या बाबतीत ताळा करता येतो. आकाशात शुक्र सूर्यापासून 48 अंशांपलीकडे कधी जात नाही. या दोघांचा संयुक्त सूर्य कन्येच्या 16 अंशांवर आहे आणि शुक्र त्याच्यापासून 41 अंशांवर, म्हणजे मांडणी बरोबर. संयुक्त कुंडलीत शुक्र सूर्याच्या समोर पडलेला दिसला, तर बरेच अभ्यासक त्याच्यासाठी दुसरा मध्यबिंदू घेतात.

आता अर्थाकडे वळू. मीनेचा चंद्र हळवा. अशा नात्यात एकाचं दुःख न सांगता दुसऱ्यापर्यंत पोचतं, पण म्हणूनच ते स्पष्ट बोलून दाखवायची सवय लागत नाही. त्याला आडोसा आणि निवांतपणा लागतो. सिंहेच्या शुक्राला प्रेम चारचौघांत मिरवायला हवं, त्याला कौतुक हवं. अशा जोडप्याला सण-समारंभ शोभून दिसतात आणि पाहुणे गेल्यावर घरात अबोला धरला जातो. 29 जुलै 1981 चं ते लग्न जगभर कोट्यवधी लोकांनी दूरदर्शनवर पाहिलं, आणि 1992 च्या डिसेंबरात दोघं वेगळे झाल्याची घोषणा झाली.

हे वाचून अंगावर काटा येतो, आणि इथेच जपायला हवं. पुढे काय झालं ते आपल्याला आधीच ठाऊक आहे, म्हणून वर्णन इतकं चपखल वाटतं. याच चंद्र-शुक्रांत 128 अंशांचं अंतर आहे. सैल दीप्तांश धरणारा त्याला 120 अंशांचा नवपंचम म्हणून गोडव्याचं लक्षण ठरवेल. मी पाच अंशांपलीकडचा योग धरत नाही. ज्योतिषाची ही फलितं शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेली नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरून लग्न ठरवणं किंवा मोडणं मला मुळीच पटत नाही. शिवाय संयुक्त कुंडली कोणत्याही दोन माणसांची निघते, अगदी अनोळखी माणसांचीही. आधी नातं असेल तरच त्याच्या सुराबद्दल बोलता येतं.

जन्मवेळेची चूक मात्र इथे निम्मी होते. एकाची वेळ सहा तासांनी चुकली तर त्याचा चंद्र तीन-साडेतीन अंश सरकतो, पण संयुक्त चंद्र दीड-पावणेदोनच. राशीच्या कडेला असलेल्या चंद्रासाठी तेवढंही पुरतं, म्हणून तिथे शेजारच्या राशीचं फलही वाचून पाहावं.

आपल्याकडच्या वाचकांनी आणखी एक पाहायला हवं. पत्रिका निरयन आणि फलाचं पुस्तक सायन, अशी सरमिसळ सहज होते. वरच्या आकड्यांतून सुमारे 23 अंशांचे अयनांश वजा केले तर चंद्र मीनेतच, चौथ्या अंशाच्या थोडा पुढे राहतो, पण शुक्र सिंहेतून कर्केत जातो. मग मिरवणाऱ्या प्रेमाच्या जागी घर सांभाळणारं, खाऊपिऊ घालणारं प्रेम येतं. दोघांमधलं 128 अंशांचं अंतर मात्र तेवढंच राहतं.