‘नको, परत न्या’

पार्सल घेऊन आलेल्या मुलाला दारातूनच ‘नको, परत न्या’ म्हणायला ग्राहकाचं काही जात नाही. पैसे दिलेले नसतात, पाकीट फोडलेलं नसतं, सही केलेली नसते. मुलगा हातातल्या मोबाइलवर एक कारण निवडतो आणि पुढच्या घराकडे वळतो. त्या क्षणापासून मोजला जाणारा प्रत्येक रुपया मात्र शेकडो किलोमीटरवरच्या एका छोट्या विक्रेत्याच्या नावावर पडत जातो. सीओडीवर, म्हणजे ‘वस्तू हातात आल्यावर पैसे’ या बोलीवर धंदा करणारे लोक अशा परतीला ‘आरटीओ’ म्हणतात. त्यांच्या हिशेबाच्या वहीत सर्वांत जास्त छळणारा रकाना हाच असतो.

पद्धत तशी जुनीच. आपल्या टपाल खात्याने व्हीपी सुरू केली ती १८७७ साली. मराठी मासिकांतल्या पुस्तकांच्या आणि औषधांच्या जाहिरातींखाली ‘व्हीपीने मागवा’ ही ओळ पुढे कित्येक वर्षं छापली जायची. सोडवून न घेतलेली व्हीपी परत आली की टपालखर्च पाठवणाऱ्याच्याच अंगावर पडे, म्हणून काही विक्रेते थोडी रक्कम आधी मनीऑर्डरने मागत. २०१० मध्ये फ्लिपकार्टने सीओडी आणली, तेव्हा देशात कार्डाने पैसे भरणारे थोडे होते आणि न पाहिलेल्या दुकानदाराला आधी पैसे देणारे त्याहून थोडे. आज यूपीआय खेड्यापाड्यांत पोचलं आहे, तरी सीओडी टिकून आहे, कारण अडचण पैसे पाठवण्याची नसून भरवशाची आहे.

हा खर्च नेमका कसा चढतो, ते एका उदाहरणावरून पाहू. इचलकरंजीहून इन्स्टाग्रामवर सुती साड्या विकणारी एक बाई आहे असं धरू. तिचं दुकान म्हणजे घरातली एक खोली, एक कपाट आणि एक फोन. साडीची किंमत ८९९ रुपये, तिची खरेदी ५६० रुपयांची. पिशवी, लेबल, चिकटपट्टी यांचे २० रुपये. महिन्याला शंभर ऑर्डरी मिळवायला जाहिरातीवर ९,००० रुपये जातात, म्हणजे ऑर्डरमागे ९०. कुरिअरचे जाण्याचे ७० आणि रोख रक्कम गोळा करून देण्याचे ४०. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत आणि साडीवरचा जीएसटी बाजूला ठेवला आहे, पण प्रमाण साधारण असंच असतं. साडी घेतली गेली, तर बाईच्या हाती उरतात ११९ रुपये.

आता तीच साडी गोंदियाच्या एका दारातून परत फिरली, तर काय होतं? रोख गोळाच झाली नाही, म्हणून ते ४० रुपये बहुतेक कंपन्या लावत नाहीत. पण जाण्याचे ७० गेले, परतीचे साधारण ६५ लागले, पॅकिंगचे २० वाया गेले आणि जाहिरातीचे ९० बुडाले. एकूण २४५ रुपये. म्हणजे एका नकाराने घरपोच झालेल्या दोन साड्यांचा नफा पुसला, वर थोडं आणखी गेलं.

शंभर ऑर्डरींपैकी वीस परत आल्या, तर बाईला महिन्याचे ४,६२० रुपये सुटतात. तीस परत आल्या तर ९८०. तेहतीस झाल्या की ती पदरचे पैसे घालून लोकांना साड्या दाखवते आहे असंच म्हणावं लागेल. धंद्याबाहेरच्या माणसाला वाटतं, शंभरातल्या सत्तर साड्या विकल्या गेल्या म्हणजे बरंच चाललं आहे. वहीत मात्र त्या सत्तर साड्यांची जवळजवळ सगळी कमाई उरलेल्या तिसांनी खाल्लेली असते. आणि परत आलेली प्रत्येक साडी पुन्हा विकण्याजोगी असेल हे या हिशेबात गृहीतच धरलं आहे. त्या तिसांतल्या तीन साड्या ओल्या, डागाळलेल्या किंवा फाटक्या निघाल्या, तर १,६८० रुपये आणखी जातात आणि ९८० चा नफा ७०० च्या तोट्यात बदलतो.

वहीत न दिसणारा दुसरा मार वेळेचा आहे. इचलकरंजीची साडी कोल्हापूर, पुणे, नागपूर अशी केंद्रं गाठत गोंदियाला पोचायला पाच-सहा दिवस लागू शकतात. तिथे दोन-तीन वेळा प्रयत्न होतो. परतीच्या मालाला कुणी घाई करत नाही. तो केंद्राकेंद्रावर थांबत येतो. सगळं धरून साडी पंधरा-वीस दिवस घराबाहेर असते. तीस साड्या म्हणजे १६,८०० रुपयांचा माल असा गाड्यांमध्ये फिरत राहतो. ज्या साड्या विकल्या गेल्या, त्यांची रोखही कुरिअर कंपनी लगेच देत नाही. पोचवल्यानंतर आठवडाभराने, कधी त्याहून उशिरा ती खात्यात येते. मोठा व्यापारी हे पेलतो. पन्नास-साठ हजारांच्या भांडवलावर चालणाऱ्या बाईला त्या आठवड्यात नवा माल उचलता येत नाही. दिवाळीच्या तोंडावर पाठवलेली साडी भाऊबीज उलटल्यावर परत आली, तर ती विकायला पुढची लग्नसराई उजाडावी लागते.

लोक नकार देतात ते लबाडीनेच देतात असं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या बटण दाबलं जातं आणि सकाळी उत्साह ओसरतो. ऑर्डर सुनेची असते, दारात सासरे असतात. त्यांना काही ठाऊक नसतं आणि घरात ९०० रुपये सुट्टेही नसतात. कधी पार्सल यायला आठ दिवस लागतात आणि तोवर आठवडी बाजारातून साडी घेऊन झालेली असते. काहीजण तीच वस्तू दोन ठिकाणी मागवतात आणि आधी येईल ती ठेवून घेतात. आणि एक कारण गंभीर आहे. पुष्कळांनी साडीऐवजी चिंधी आलेली पाहिली आहे. न मागवलेलं पार्सल दारात आणून पैसे मागण्याचे प्रकारही घडले आहेत. ‘आधी उघडून दाखव, मग पैसे देतो’ असं माणूस म्हणतो, आणि पैसे घेण्याआधी पाकीट उघडू द्यायची पोचवणाऱ्याला सहसा परवानगी नसते. बात तिथेच तुटते. त्या ग्राहकाला दोष देता येत नाही. कुणा लबाड विक्रेत्याने केलेल्या फसवणुकीची किंमत प्रामाणिक विक्रेता भरतो आहे, हे या व्यवहारातलं सर्वांत कडू सत्य आहे.

शिवाय काही नकार ग्राहकाने दिलेलेच नसतात. पोचवणाऱ्या मुलाला बहुतेक ठिकाणी पोचवलेल्या पार्सलमागे पैसे मिळतात. बारा किलोमीटरवरच्या वाडीत एकच पार्सल असेल आणि फोन लागत नसेल, तर तिथवर पेट्रोल जाळणं त्याला परवडत नाही. मग मोबाइलवर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ किंवा ‘ग्राहकाने नाकारलं’ अशी नोंद पडते. हे ओळखायच्या खुणा आहेत. नोंदीची वेळ रात्री साडेनऊ-दहाची असते. एकाच पिनकोडवरच्या चार पार्सलांवर एकाच मिनिटाला तेच कारण पडतं. आणि ग्राहकाला विचारलं, तर त्याला फोनच आलेला नसतो. अशी नोंद दिसताच विक्रेत्याला कुरिअरच्या पोर्टलवर ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं कळवता येतं, पण त्याला मुदत असते, अनेकदा जेमतेम एक दिवसाची. ती टळली की पार्सल परतीच्या गाडीत चढतं. म्हणून जाणते विक्रेते सकाळी नव्या ऑर्डरींच्या आधी ही यादी उघडतात आणि ग्राहकाला फोन लावून त्याच्याकडूनच ‘मी नकार दिला नाही’ असा संदेश मागून घेतात. काही कुरिअर कंपन्या नकार नोंदवताना ग्राहकाच्या फोनवर ओटीपी पाठवतात. विक्रेत्याने कंपनी निवडताना ही सोय आहे का, ते दरपत्रकाइतक्याच बारकाईने पाहावं.

खर्च कापण्याची खरी जागा मात्र पार्सल निघण्याआधीची आहे. न निघालेल्या ऑर्डरमागे फक्त जाहिरातीचे ९० रुपये जातात; निघून परतलेलीमागे २४५. समजा, बाईने शंभरही ग्राहकांना फोन केला आणि परतणाऱ्या तिसांपैकी पंधरा जणांना तिथेच गाळलं. विकल्या गेलेल्या साड्या सत्तरच राहतात, पण हाती ९८० ऐवजी ३,३०५ रुपये येतात. फोनवर ‘साडी हवी ना?’ एवढंच विचारलं तर सगळे ‘हो’ म्हणतात. अनुभवी बायका वेगळं विचारतात: घराजवळची खूण कोणती, दुपारी घरी कोण असतं, त्यांच्याकडे पैसे ठेवाल का, दुसरा एखादा नंबर आहे का? ज्याला खरोखर साडी हवी आहे तो उत्तरं देतो. ज्याचं मन बदललं आहे तो ‘नंतर सांगतो’ म्हणतो, आणि ते पार्सल त्या दिवशी बांधायचं नाही. या कामात रोजचा तास-दीड तास जातो, तो कुठल्याच हिशेबात धरलेला नसतो.

दुसरा उपाय जुन्या मनीऑर्डरीच्याच जातीचा: १०० रुपये आधी यूपीआयने, उरलेले ७९९ दारात. यात ऑर्डरी गळतात. शंभराच्या पासष्ट झाल्या, त्यातल्या पाचच परत आल्या आणि त्या पाचांचे शंभर-शंभर रुपये कापून घेतले, तर बाईला ३,२६५ रुपये सुटतात; जवळजवळ फोनच्या उपायाइतकेच. फरक असा की माल पंच्याऐंशीऐवजी पासष्ट साड्यांचाच लागतो. पण जिथे मुळात वीसच साड्या परत येत होत्या, तिथे हाच उपाय ४,६२० चे ३,२६५ करून ठेवील. म्हणून आधी आपलं परतीचं प्रमाण पिनकोडनुसार काढावं आणि जिथे ते तिसाच्या घरात आहे, तिथेच आगाऊ रक्कम मागावी.

ती मागताना एक पथ्य आहे. ऑर्डर पक्की होताना अचानक वाढीव शुल्क दाखवणं हे केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये गैरप्रथा ठरवलेलं आहे. त्यामुळे सीओडीचे ४० रुपये वेगळे लावायचे असतील, किंवा नकार दिल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार नसेल, तर ते साडीच्या किमतीशेजारीच, पहिल्या फोटोखाली स्वच्छ मराठीत लिहिलेलं असावं. त्याच ओळीखाली साडीचा दिवसाच्या उजेडात काढलेला छोटा व्हिडिओ असला, तर ‘आधी उघडून दाखव’ म्हणणाऱ्या ग्राहकाची शंका दारापर्यंत यायच्या आत बरीचशी मिटते.